चाल काढून ठेवलेलं गाणं

सोलापुरात आमच्या मंडळाची कोजागिरी गच्चीवर व्हायची. दूध आटत असायचं, पोरं चारोळ्या पळवत असायची. भेंड्या सुरू होण्याआधीचा तासभर मात्र मंडळातल्या मराठीच्या बाईंचा. त्या तासाला एका चित्रपटगीताचं वाचन असे. गायन नव्हे, वाचन. नवीन आलेले लोक हमखास हसायचे, कारण ज्या गच्चीवर निम्म्याजणांकडे हार्मोनियम होती तिथे गाणं नुसतं वाचायचं म्हणजे काय?

बाईंचे नियम कडक. गाणं खडूने फळ्यावर लिहायचं, ध्रुवपद एकदाच. गुणगुणायचं नाही, मांडीवर ठेका धरायचा नाही. वाचणाऱ्याने जरा ‘धागाऽ’ असा आकार लांबवला की बाई खडू आपटायच्या, ‘चाल शिरली, पुन्हा.’ चाल डोक्यातून निघत नसेल तर शेवटच्या अंतऱ्यापासून उलट वाचायला लावायच्या. हा उपाय फार नामी होता, कारण चालीला उलटं चालता येत नाही आणि वाक्य आपोआप वाक्यासारखं वाचलं जातं.

माझ्या आठवणीत पक्कं बसलंय ते ‘एक धागा सुखाचा’चं वर्ष. १९६०चा ‘जगाच्या पाठीवर’, शब्द गदिमांचे, चाल आणि आवाज सुधीर फडक्यांचा. ते गाणं निवडलं म्हणून कुरकुरही झाली. बाबूजींचा आवाज वजा केल्यावर उरणार काय, असं खजिनदारकाका उघडच म्हणाले.

पहिला वाद फळ्यावर दोन ओळी उमटताच. सुखाचा धागा एक, दुःखाचे शंभर, आणि लगेच खाली या वस्त्राला ‘जरतारी’ म्हटलंय. शंभर धागे दुःखाचे असताना कापड जरतारी कसं? कुणी म्हणालं उपहास आहे, कुणी म्हणालं यमकाबिमकाची सोय. (यमक तिथे नाहीच, ते ओळीच्या शेवटी आहे.) तेवढ्यात पूर्व भागातले एक काका, ज्यांचं आयुष्य मागावर गेलं होतं, ते मागून बोलले. ‘जर महाग. ती काठाला न् पदराला. बाकी सगळं साधं सूत किंवा रेशीम. तरी दुकानात साडीला तुम्ही काय म्हणता? जरीची साडी.’ गच्ची क्षणभर गप्प. सबंध कापडाचं नाव त्या थोड्याशा धाग्यांवरून पडतं, हे त्यांना सांगावं लागलं. आम्ही इतकी वर्षं ती ओळ रडकी म्हणून ऐकत होतो. चालीत ‘दुःखाचे’वर आपण थांबतो, वाचताना पुढे ‘जरतारी’वर जावं लागतं.

मग पहिला अंतरा. इथे कॉलेजातल्या एका मुलीने आक्षेप घेतला, की कापडाचं रूपक चालू असताना मध्येच ‘नाटक’ कुठून आलं? दोन रूपकं एकमेकांत घुसली, हा कवितेतला दोषच. आक्षेप चांगला होता आणि बाईंनी तो झटकला नाही. त्यांनी फळ्यावर ‘तीन प्रवेशांचे’ या शब्दांखाली रेघ मारली आणि पुढचा अंतरा वाचायला सांगितला. बालपणाची अंगडी, तारुण्याची वसनं, म्हातारपणाची शाल. तीन प्रवेश! आधी आकडा सांगून ठेवलाय आणि पुढच्या अंतऱ्यात तो चुकता केलाय. शिवाय नाटकात प्रवेश बदलला की कपडे बदलतात, म्हणजे नाटक वस्त्राला सोडून नाहीच. रेकॉर्डवर दोन अंतऱ्यांच्या मध्ये वाद्यं वाजतात, तेवढ्या वेळात हा हिशेब कानातून निसटतो. फळ्यावर मात्र दोन्ही अंतरे एकाखाली एक असतात.

त्या दुसऱ्या अंतऱ्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ काढला, आणि माझ्या मते गाण्यातला कवितेचा खरा ऐवज तिथेच आहे. ‘मुकी अंगडी’ पाहा. मुकं असतं ते तान्हं मूल, पण विशेषण त्याच्या अंगड्याला लावलंय. मूल ओळीत दिसतच नाही, कपडाच त्याच्या जागी आहे. तसंच तारुण्याचं. पहिल्या दोन चरणांत क्रियापद नाही. अंगडी आली, रंगीत वसनं आली, आणि गेली. तिसऱ्या चरणात पहिल्यांदा क्रियापद येतं ते ‘उरे’. म्हणजे या अंतऱ्यात आयुष्यभर घडणारी एकच क्रिया, उरणं! आणि उरलेल्या त्या जीर्ण शालीला कवी चिंधी म्हणत नाही, ‘लेणे’ म्हणतो. इथे खजिनदारकाकांनी हळूच खांद्यावरची शाल सारखी केली, पण ते गारव्यामुळेही असेल.

मात्रा मोजायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. लघु एक, गुरू दोन, बोटांवर. ‘मुकी अंगडी बालपणाची’ सोळा. ‘येसी उघडा जासी उघडा’ सोळा. अंतऱ्यांचे पहिले दोन चरण असे सोळा-सोळाचे, आठ-आठच्या दोन तुकड्यांत पडणारे. शेवटच्या अंतऱ्यात मात्र ‘या वस्त्राते विणतो कोण’ मोजलं तर पंधरा भरल्या. पुन्हा मोजल्या, पंधराच. खालच्या ‘एकसारखी नसती दोन’च्याही पंधरा. आम्हाला वाटलं गदिमांना पकडलं! बाई म्हणाल्या, मोठ्याने म्हणा. म्हटल्यावर कळलं की ‘कोण’नंतर एका मात्रेची जागा रिकामी राहते, आणि प्रश्नानंतर माणूस तेवढाच थांबतो. गाताना तो स्वर लांबवून जागा भरता येते, वाचताना ती मोकळी सोडावी लागते. हे त्यांनी मुद्दाम केलं की ओघात झालं, हे ठरवायच्या भानगडीत बाई पडल्या नाहीत. परिणाम होतो एवढं बस्स, म्हणाल्या.

त्याच अंतऱ्यात आणखी एक गोष्ट झालेली असते. सुरुवातीला गाणं ‘माणसा’ अशी हाक मारून बोलतं, पहिल्या अंतऱ्यात तर ‘येसी, जासी, करिसी’ असं जवळजवळ दटावतं. दुसऱ्यात ‘तू’ नाहीसा होतो. तिसऱ्यात दटावणाराच प्रश्न विचारायला लागतो. आणि विणकरी, ज्याच्यावाचून धागाही नाही अन् वस्त्रही नाही, तो गाण्याच्या अगदी शेवटच्या शब्दात येतो, तोही न दिसणाऱ्या हातांपुरता.

यावर कुणीतरी कबीर काढला, विणकर आणि चादर म्हटल्यावर ते व्हायचंच. मग निवेदनाची हौस असलेल्या एका गृहस्थांनी जीवन, नियती वगैरे सुरू केलं. बाईंनी त्यांना एवढंच विचारलं, ‘हे फळ्यावर कुठे लिहिलंय?’ वाचनाचा तास बिघडायचा तो बहुतेक असाच. चाल काढून ठेवली की तिच्या जागी प्रवचन येऊन बसतं. मागवाले काका मात्र हटले नाहीत. ‘हात दिसले नाहीत यात नवल काय,’ ते म्हणाले, ‘चादर घेताना आमचे तरी कुणाला दिसतात?’

सगळीच गाणी या तासाला टिकत नसत. पुढच्या कोजागिरीला एक फार लाडकं गाणं घेतलं होतं (नाव सांगत नाही, आजही लोक भांडतील). लिहून झाल्यावर फळ्यावर चंद्र, चांदणं आणि चार वेळा ‘गं’ एवढंच उरलं. बाईंनी दहा मिनिटांत फळा पुसला आणि म्हणाल्या, हे गायचंच गाणं आहे, हार्मोनियम काढा. त्या वर्षी खजिनदारकाका सगळ्यात खूश होते, आणि दूधही वेळेत मिळालं.