कडं कशावर बसलंय, ते बघा

"कापलेल्या केबलच्या फोटोवरून ती सिंगल कोर आहे, मल्टिकोर आहे की आर्मर्ड, हे तुम्ही एवढ्या चटकन कसं सांगता? आम्हाला तर सगळीकडे नुसते धातूचे ठिपकेच दिसतात."

ठिपके मीही मोजत नाही. मी आधी इन्सुलेशन मोजतो. एकमेकांना थेट चिकटलेल्या उघड्या तारा, मग त्या सात असोत की एकसष्ट, सगळ्या मिळून एकच कंडक्टर असतो. कोर म्हणायचं ते कंडक्टर आणि त्याच्याभोवतीचं त्याचं स्वतःचं इन्सुलेशन, या दोघांना मिळून. त्यामुळे फोटोत धातू किती ठिकाणी चमकतोय याला महत्त्व नाही. स्वतंत्र इन्सुलेशनच्या भिंती किती आहेत, तेवढे कोर.

परवा आलेला फोटो याच घोटाळ्याचा होता. पाठवणाऱ्यानं लिहिलं होतं, "सदतीस कोरची आर्मर्ड केबल." मध्यभागी ॲल्युमिनियमच्या तारांचा गठ्ठा होता: मधोमध एक, तिच्याभोवती सहा, मग बारा, मग अठरा. बेरीज सदतीस, मोजणी अगदी बरोबर. पण त्या तारांमध्ये इन्सुलेशनचा एक धागाही नव्हता. उलट त्या दाबून बसवलेल्या असल्यामुळे बाहेरच्या रांगेतल्या तारा बाहेरच्या अंगानं चपट्या झाल्या होत्या. म्हणजे सदतीस तारांचा एक कंडक्टर, आणि केबल सिंगल कोर.

आता उरलं "आर्मर्ड", म्हणजे बाहेरचा मार झेलायला धातूचं चिलखत घातलेली केबल. बाहेरच्या काळ्या शीथच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या वेष्टनाच्या आत धातूच्या ठिपक्यांचं एक कडं दिसत होतं, आणि पाठवणाऱ्यानं त्यालाच आर्मर समजलं होतं. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, म्हणून इथे मी थांबून बघतो. कडं आहे एवढ्यावर काहीच ठरत नाही. ते कशावर बसलंय, हे बघावं लागतं.

या फोटोत आतून बाहेर येताना कंडक्टरला लागून एक काळी बारीक रेघ होती, मग एक्सएलपीई नावाच्या प्लॅस्टिकचं दुधी रंगाचं जाड इन्सुलेशन आणि पुन्हा एक काळी रेघ. त्या दोन काळ्या रेघा अर्धवाहक थराच्या. 11 केव्ही आणि त्यावरच्या एक्सएलपीई केबलमध्ये इन्सुलेशनच्या आत-बाहेर हे थर असतात. त्यांच्यामुळे विद्युत क्षेत्र सगळीकडे सारखं पसरतं, तारांच्या उंचवट्यांपाशी एकवटत नाही. आणि ठिपक्यांचं कडं बाहेरच्या काळ्या थराला लागूनच होतं, मध्ये जाड शीथ नव्हती. ठिपके तांब्याच्या रंगाचे, कंडक्टरच्या तारांपेक्षा खूप बारीक, आणि दोन ठिपक्यांमध्ये मोकळी जागा. ही स्क्रीन. इन्सुलेशनमधून येणारा थोडासा चार्जिंग करंट आणि फॉल्ट झाला तर तो करंट वाहून नेणं हे तिचं काम. फावड्याचा घाव झेलणं हे तिचं काम नव्हे, आणि एवढ्या बारीक, विरळ तारांना ते जमणारही नाही.

आर्मर वेगळं दिसतं. त्याच्याखाली आतली शीथ असते, म्हणजे कोरांवरून चढवलेला प्लॅस्टिकचा सलग थर. आर्मर कोरला चिकटून नसतं, या थरावर बसतं आणि त्याच्यावर बाहेरची शीथ येते. गोल तारा साधारण 1.25 ते 3.15 मिलिमीटर जाडीच्या असतात आणि खांद्याला खांदा लावून बसतात. मधल्या फटी जवळपास नसतातच. काही केबलमध्ये तारांऐवजी चपट्या पट्ट्या असतात, मग ठिपक्यांच्या जागी आडव्या विटांची रांग दिसते. पोलादी टेपचं आर्मर असेल तर एकावर एक दोन पातळ रेघा दिसतात. खालच्या टेपच्या दोन फेऱ्यांमध्ये मुद्दाम फट ठेवतात आणि वरची टेप ती झाकते. त्यामुळे कापलेल्या तोंडावर कुठेतरी दोनाऐवजी एकच रेघ दिसली तर गोंधळू नका.

तीन कोरच्या 11 केव्ही केबलमध्ये हे दोन्ही थर एकाच फोटोत सापडतात, म्हणून सवयीसाठी तोच फोटो चांगला. प्रत्येक कोरभोवती केसासारखी तांबडी रेघ दिसेल, ती तांब्याच्या टेपची स्क्रीन. तिन्ही कोरांना कवेत घेणारी आतली शीथ त्यांच्या बाहेर, आणि तिच्यावर चंदेरी तारांचं एकच मोठं कडं. प्रत्येक कोरला ज्याचं त्याचं कडं असेल तर ती स्क्रीन, सगळ्यांना मिळून एकच असेल तर बहुधा आर्मर. "बहुधा" अशासाठी, की जुन्या कागदी इन्सुलेशनच्या केबलमध्ये तिथे शिशाचं सलग करडं कडंही असतं. त्यात तारा नाहीत, टेपचा जोड नाही. ओल आत जाऊ नये म्हणून ते असतं, आणि आर्मर असलंच तर ते या शिशाच्याही बाहेर असतं.

कमी दाबाच्या मल्टिकोर ओळखायला सोप्या. जाड केबलमध्ये कोर बहुधा गोल नसून पाकळीसारखे असतात: दोन कोर असतील तर दोन अर्धवर्तुळं, तीन असतील तर तीन पाकळ्या. साडेतीन कोरमध्ये तीन पाकळ्या मोठ्या आणि न्यूट्रलची एक लहान. फक्त पाकळ्या सारख्या की असमान हे फोटो समोरून काढलेला असेल तरच ठरवा. तिरकस कापलेल्या तुकड्यात गोल कोरही लंबगोल दिसतो. त्यामुळे मी नेहमी सांगतो की तुकडा बारीक दात्यांच्या करवतीनं काटकोनात कापा, तोंड पॉलिशपेपरनं घासा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. न घासलेल्या तोंडावर ॲल्युमिनियम ओढलं जाऊन शेजारच्या प्लॅस्टिकवर पसरतं, आणि नसलेली कडी दिसायला लागतात.

पट्टी असली तरी धातू कोणता हे फोटो नेहमी सांगत नाही. तांबं कळतं, पण ॲल्युमिनियम आणि जस्त चढवलेलं पोलाद दोन्ही चंदेरीच. सिंगल कोर केबलमध्ये हा प्रश्न महत्त्वाचा असतो. तीन कोर एकत्र असतात तेव्हा तिन्ही फेजच्या करंटची बेरीज जवळपास शून्य होते, त्यामुळे भोवतालच्या पोलादात फारसं चुंबकीय क्षेत्र उरत नाही. एकट्या कोरला अशी सोबत नसते. एसी करंट वाहत असताना पोलादी कडं सतत चुंबकित होऊन तापतं आणि केबलची क्षमता खाली येते. म्हणून एसीसाठीच्या सिंगल कोर आर्मर्ड केबलला ॲल्युमिनियमच्या तारा घालतात.

त्याच माणसानं दुसराही फोटो पाठवला होता. मध्ये एकच कोर, त्यावर आतली शीथ, तिच्यावर जाड चंदेरी तारांचं घट्ट कडं. हे आर्मर, यात शंका नव्हती. पण ॲल्युमिनियम की पोलाद, हे मला सांगता येईना. जवळ लोहचुंबक असतं तर क्षणात कळलं असतं, तो नव्हता. मी म्हटलं, तुकडा आठवडाभर बाहेर ओलीत ठेवा आणि पुन्हा फोटो काढा. जस्ताचा थर तारेच्या अंगावर असतो, कापलेल्या तोंडावर उघडं पोलाद येतं. आठ दिवसांनी आलेल्या फोटोत प्रत्येक तारेच्या तोंडावर तांबूस गंजाचा ठिपका होता. पोलादच. ही केबल एसीवर चालवणार आहात का, असं विचारल्यावर त्यांनी जोडणीचा नकाशा काढून पाहिला. ती बॅटरी बँकपासून निघालेली डीसी लाइन होती.