पावत्यांचा लिफाफा

शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

भाऊबीज आटोपून काल रात्री कराडहून परत आलो. ही दमून लवकर झोपली. मला झोप येईना, म्हणून बॅगेतला लिफाफा काढून पुन्हा पाहिला. तो पाहून मन अस्वस्थ झालं आहे, ते इथे लिहून काढतो.

सप्टेंबरात सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. खर्च तिघा भावंडांनी सारखा वाटून घ्यायचा, असं आधीच ठरलं होतं. मेहुण्याने सगळी धावपळ केली आणि भाऊबिजेच्या दुपारी जेवणं झाल्यावर माझ्या हातात एक लिफाफा दिला. त्यात दवाखान्याचं बिल होतं, लेन्सची पावती होती, थेंबांच्या औषधाच्या चार वेगवेगळ्या पावत्या होत्या, रिक्षाच्या फेऱ्या तारखेसह लिहिलेल्या होत्या आणि खाली बेरीज करून तीनने भागाकार केलेला होता. मेहुणा म्हणाला, "दाजी, एकदा नजर टाका. काही राहिलं असेल तर सांगा." बोलणं अगदी अदबीचं होतं. मी "अरे, कशाला एवढं" म्हणालो आणि पैसे दिले.

संध्याकाळी साडूंबरोबर प्रीतिसंगमावर फिरायला गेलो होतो. बोलता बोलता ऑपरेशनचा विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले, "मला तर फोनवरच सांगितलं, प्रत्येकी अठरा हजार आलेत म्हणून. मी लगेच पाठवून दिले." त्यांना लिफाफा मिळाला नव्हता. पावत्या आहेत हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

घाटावर गर्दी होती, पोरं पाण्यात खडे मारत होती, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. एकाच घरचे दोन जावई, खर्च एक, वाटा सारखा, सांगणारा माणूस एकच. तरी एकाला तोंडी आकडा पुरतो आणि दुसऱ्याला रिक्षाच्या तारखा लिहून द्याव्या लागतात.

सासुरवाडीत जावयाला मान मिळतोच. ताट आधी येतं, पाटावर आपल्यालाच बसवतात, निघताना नारळ हातात पडतो. त्यावरून आपल्याबद्दल काय बोललं जातं ते मुळीच कळत नाही, कारण तो मान नात्याला असतो, जो कोणी जावई असेल त्याला मिळणारच. साडूंना वेगळं आणि मला वेगळं जे मिळतं, त्यात काही कळण्यासारखं असतं. मेहुणा साडूंची चेष्टा करतो, त्यांच्या गाडीला नावं ठेवतो, त्यांच्या ताटात जबरदस्तीने तिसरी पोळी वाढतो. माझी चेष्टा त्याने आठ वर्षांत एकदाही केलेली नाही.

पहिल्यांदा रागच आला. हिने भावाला सांगितलं असणार की मी प्रत्येक रुपयाचा हिशेब मागतो. येताना गाडीत खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत मी हिच्याशी धड बोललो नाही.

मग आठवलं. २०२१ मध्ये मेहुण्याच्या लग्नात मांडववाल्याने बिल वाढवून लावलं होतं, तेव्हा मीच त्याच्याकडून वही घेऊन एकेक नग मोजला होता, मेहुण्यासमोर, भर मांडवात. त्यात त्यांचेच सहा हजार वाचले, पण नवरदेवाने आपला दाजी वही घेऊन खुर्च्या मोजताना पाहिला, हेही खरंच. म्हणजे लिफाफ्यामागे हिचं बोलणं असेलच असं नाही, ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही पावत्या जपून ठेवल्या असत्या. हा पुरावा मी हिच्यावर लावू शकत नाही.

पण गेल्या महिन्यातली गोष्ट तशी नाही.

हिची हॉस्टेलची मैत्रीण सांगलीहून दोन दिवस आमच्याकडे राहायला आली होती. माझी तिची त्याआधी भेट फक्त लग्नात झाली होती. पहिल्या संध्याकाळी मी ऑफिसमधून आलो, तर बैठकीच्या खोलीत दोघींच्या गप्पा चालल्या होत्या. मी दार उघडताच तिने टीव्हीचा आवाज बंद केला, मान हलवून हसली आणि उठून आत गेली. पाणी पिऊन, कपडे बदलून मी बाहेर आलो, त्यानंतर पाच-दहा मिनिटांनी ती आली आणि मग मोकळेपणी बोलायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, बसा ना, उठता कशाला? ती सहज म्हणाली, "नाही, आल्या आल्या कुणी बोललेलं तुम्हाला चालत नाही ना. थोडा वेळ लागतो तुम्हाला."

हे तिने कुठेही पाहिलेलं नव्हतं, माझ्या आईलासुद्धा हे माहीत नाही. हे फक्त या घरात राहणाऱ्या माणसालाच माहीत असू शकतं.

आणि ते खरं होतं, पण केव्हाचं? २०२१ च्या त्या नोकरीत वर्षभर मी घरी यायचो तो तापलेला. हिने "चहा टाकू का" विचारलं तरी अंगावर जायचो. एकदा तर दारातच ओरडलो आणि ही चप्पल घालून खाली जाऊन बसली. २०२२ च्या जूनमध्ये ती नोकरी सोडली. त्यानंतर तीन वर्षं मी घरी आल्यावर पहिलं काम चहा टाकण्याचं करतो, दोघांचा. तो चहा पीत आम्ही तासभर बोलतो. सांगलीच्या बाईंच्या डोक्यात मात्र मी अजून त्या दारातच उभा आहे.

आज सकाळी हिला विचारलं. "तू माझ्याबद्दल लोकांना काय सांगतेस" असं विचारलं असतं तर भांडण झालं असतं. म्हणून एवढंच म्हणालो, की तुझी मैत्रीण मी आल्यावर आत जायची, मला वाईट वाटलं. ही पोहे परतत होती. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या वर्षी मी तिला रोज फोन करायचे. तिच्याशी बोलल्याशिवाय मला राहवत नव्हतं. नंतर सगळं नीट झालं, मग संध्याकाळी मी तुझ्याशीच बोलत बसायला लागले. तिला फोन करायचं राहूनच गेलं."

यात हिची चूक मला काढता येईना. भांडण झाल्यावर माणूस फोन उचलतो. मिटल्यावर कोण कुणाला फोन करून सांगतं, की आज यांनी चहा केला? मैत्रिणीकडे सगळं वाईट पोचलं, आणि ज्या महिन्यापासून ते बदललं त्या महिन्यापासूनच तिच्याकडे बातमी जाणं थांबलं. मैत्रिणीने जे ऐकलं त्यावरून ती माझ्याशी अतिशय चांगलं वागली. टीव्ही बंद केला, वाट सोडली. हिला त्रास होऊ नये म्हणूनच केलं असेल.

मग मी धाकट्या मेहुणीचा विचार केला. ती माझ्याशी अगदी निराळी वागते. ऑगस्टमध्ये तिच्या थायरॉइडचे रिपोर्ट आले तेव्हा ते तिने नवऱ्याच्याही आधी मला पाठवले. फोन करून म्हणाली, "दाजी, तुम्ही घाबरत नाही म्हणून तुम्हाला आधी." मी विचारलं, कुणी सांगितलं? तर म्हणे, "ताईने. टायफॉइडच्या वेळी तुम्ही दवाखान्यात नऊ रात्री तिच्या उशाशी बसून होता ना. ती म्हणते, डोळे उघडले की तुम्ही शांत बसलेले दिसायचात."

शांत! त्यातल्या चौथ्या रात्री ताप उतरेना, तेव्हा मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये जाऊन रडलो होतो आणि तोंड धुऊन वर आलो होतो. हिने डोळे उघडले तेव्हा जेवढं दिसलं, तेवढंच बहिणीला सांगितलं. म्हणजे हे चित्रही पुरतं खरं नाही. पण ते ऐकल्यावर मी हिच्याकडे बघत राहिलो होतो. आठ वर्षांत हिने हे मला कधी बोलून दाखवलेलं नाही. ते मला मेहुणीच्या तोंडून, तेही थायरॉइडच्या रिपोर्टमुळे कळलं.

एकाच बायकोने सांगितलेला नवरा असा तिघांकडे तीन तऱ्हेचा आहे. बहिणीला उशाशी बसलेला, मैत्रिणीला दारात ओरडणारा. भावाकडे हिने काही सांगितलं की नाही मला ठाऊक नाही, पण तिथे तो वही घेऊन उभा आहे. हिने कुणाला खोटं सांगितलेलं नाही. आजारपणाचं बहिणीला सांगितलं कारण आईला सांगता येत नव्हतं, आणि माझ्या रागाचं मैत्रिणीला सांगितलं कारण बहिणीला सांगितलं असतं तर ते कराडला पोचलं असतं. तो विचार करून ती माझी लाजच राखत होती.

एवढं लिहून झाल्यावर आंघोळीला गेलो आणि तिथे एक गोष्ट आठवली, ती न लिहिता हे पान संपवता येणार नाही.

माझी ताई आमच्याकडे यायचं असलं की फोन मला करते. हिला नाही, कधीच नाही. "तिला विचारून सांग, तिचं काही असेल तर नको," असं म्हणते. ती आली की आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही, बाहेरूनच "मी काही करू का?" विचारते. हिला ते लागतं. "ताईंना मी परकी वाटते," असं ही दोनदा म्हणाली आहे आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, अगं तिचा स्वभावच तसा आहे. पण ताई चुलतभावाच्या घरी गेली की सरळ ओट्याशी उभी राहते, भावजयीला बाजूला करून भाकरी थापते. तिचा स्वभाव तसा नाही.

लग्नानंतर पहिल्या वर्षी हिने स्वयंपाकघरातले डबे आईने लावलेल्या जागेवरून हलवले होते, त्यावरून वाद झाला होता. त्या रात्री मी ताईला फोन करून तासभर बोललो होतो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. "तिच्या घरात कुणी हात लावलेला तिला खपत नाही," हे वाक्य मात्र नक्की बोललो होतो. तो वाद आठवड्यात मिटला. डबे आता कुठे आहेत ते मला ठाऊकही नाही. ताईला त्यानंतर मी काही सांगितलं नाही.

अकरा वाजता ताईला फोन केला. सुरुवात कशी करायची कळेना, म्हणून भाऊबिजेचं, कराडचं सांगितलं. मग म्हटलं, ताई, तू येशील तेव्हा स्वयंपाकघरात ये. हिला आवडेल. ताई गप्प. मग म्हणाली, "तूच म्हणाला होतास ना." मी म्हटलं हो, म्हणालो होतो, तेव्हा मी चिडलेलो होतो. गेल्या वर्षी तुझ्या मुलाच्या परीक्षेच्या वेळी तो आमच्याकडे महिनाभर होता, तेव्हा पहाटे उठून त्याचा डबा हिने केला. मी उठलोसुद्धा नाही. ताई म्हणाली, "डबा तू करतोस असं मला वाटायचं. तो म्हणायचा, मामाकडे डबा मस्त असतो."

थोडं अजून बोलणं झालं. फोन ठेवताना ताई म्हणाली, की दत्तजयंतीला येते. "पण आधी तुला फोन करेन. तिचं बघून सांग."

मी म्हटलं, तिलाच कर. ताई बरं म्हणाली.