४:३१, ९:११, १२:११

शनिवार, रात्र

पाय गरम पाण्याच्या बादलीत आहेत आणि वही मांडीवर, त्यामुळे अक्षर वाकडं येतंय. आज शाळेची क्रॉसकंट्री झाली. पण आधी मागच्या तीन आठवड्यांचं लिहिते, नाहीतर आजचं काहीच कळणार नाही.

गेल्या वर्षी मी पाचवी आले होते, १५ मिनिटं २ सेकंद. पहिली आलेली ताई आता दहावीत आहे, तिचा टाइम होता १४:०८. सरांच्या वहीत सगळं लिहिलेलं असतं, ती वही मी मधल्या सुट्टीत मागून घेतली आणि ठरवलं की आपण १४:०० पकडायचं, म्हणजे ती गेल्या वर्षीपेक्षा थोडी फास्ट आली तरी चालेल. तीन किलोमीटर, १४ मिनिटं, म्हणजे ८४० सेकंद. ८४० भागिले ३०, दर १०० मीटरला २८ सेकंद. सोप्पं! असं मला वाटलं. सर म्हणाले, माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये हेच तीन किलोमीटर मधे अडथळे आणि पाण्याच्या उड्या असताना ९ मिनिटं १९ सेकंदांत पळाली. मी घरी येऊन भागाकार केला तर १०० मीटरला १९ सेकंदांच्याही आत. दोन मिनिटं गप्पच बसले.

आता आमचा रूट. शाळेच्या गेटपासून धोमच्या पाटावरच्या पुलापर्यंत सपाट रस्ता १००० मीटर, मग पायवाटेने टेकडीवरच्या देवळापर्यंत ८०० मीटर चढ, पलीकडून तेवढाच उतार थेट ग्राउंडच्या फाटकापर्यंत, आणि शेवटी ग्राउंडवर २०० चे दोन राउंड. हे आकडे सरांचे, पण सगळा भागाकार त्यांच्यावर उभा म्हटल्यावर मला खात्री करायची होती. सायकलच्या टायरला खडूने खूण केली, ओट्यावर एक पूर्ण चक्कर फिरवून टेपने मोजलं तर २ मीटर ८ सेंटीमीटर आलं. मग चढावर मी सायकल हातात धरून ढकलत चालले आणि मैत्रीण खूण खाली आली की मोजत होती. पहिल्यांदा दोनशे काहीतरीवर एक कुत्रं मागे लागलं आणि मोजणी गेली, परत खालपासून. ३८५ चकरा आल्या, म्हणजे ८०० मीटर बरोब्बर. (टायरमध्ये हवा कमी असेल तर चक्कर छोटी होते आणि अंतर उगाच जास्त निघतं, म्हणून आधी हवा भरून घेतली होती. बाबांच्या मोबाईलने हेच अंतर झाडीत ८७० दाखवलं.)

रविवारी मी पूर्ण रूट पळून बघितला. चढाला ४ मिनिटं ४८ सेकंद लागले, उताराला ३ मिनिटं. जेवताना बाबांना सांगायचं होतं म्हणून मी ते त्यांच्या भाषेत केलं, ते एसटीचे ड्रायव्हर, वाई-महाबळेश्वर गाडीवर, त्यांना १०० मीटरला किती सेकंद असं सांगून काही कळत नाही, स्पीडोमीटर लागतो. तर चढावर माझा स्पीड ताशी १०, उतारावर १६. दोन्हीची सरासरी १३. आणि सपाटीवर मी तसंही १३ नेच पळते. म्हणजे सगळीकडे १३! तीन किलोमीटर १३ च्या स्पीडने म्हणजे १३ मिनिटं ५१ सेकंद. मी जिंकले. आईला म्हटलं, ट्रॉफीसाठी टीव्हीवर जागा कर.

बाबा पोळी तोडता तोडता म्हणाले, "घाटात असं नसतं गं."

मला रागच आला. मी नववीत, गणितात ९१, आणि हे सरासरी शिकवणार? पण त्यांनी ताटाच्या कडेला मीठ आणि लोणचं ठेवून घाट दाखवला. म्हणाले, समज पसरणी घाट १० किलोमीटर धर. चढताना गाडी २० ने, किती वेळ? अर्धा तास. उतरताना ४० ने? पंधरा मिनिटं. झाले पाऊण तास, अंतर २० किलोमीटर. मग ॲव्हरेज किती पडलं? मी मनात केलं, २० भागिले पाऊण, सव्वीस पॉइंट सहा सहा. ३० नाही! म्हणाले, "हळू चालवायचं असतं तिथं जास्त वेळ घालवतो ना आपण. चढाला गेलेला वेळ उतारावर भरून निघत नाही, डेपोतल्या नव्या पोरांना हेच कळत नाही, ते उतारावर गाडी दामटतात."

मी हात न धुताच वही आणली. खरंच की. चढावर मी २८८ सेकंद आहे आणि उतारावर फक्त १८०, म्हणजे १० चा स्पीड माझ्या वाट्याला कितीतरी जास्त वेळ येतो. दोन्ही मिळून १६०० मीटर ४६८ सेकंदांत, हा स्पीड १२.३ निघाला, १३ नाही. आणि सपाटीचे १४०० मीटर १३ ने म्हणजे ३८८ सेकंद. एकूण ८५६. १४ मिनिटं १६ सेकंद. ट्रॉफी गेली, गेल्या वर्षीच्या ताईच्याही मागे आठ सेकंद. चूक एवढीच की स्पीडची सरासरी काढली, वेळाची बेरीज केली नाही. आमच्या वर्गात निम्म्या पोरी हेच करतील, पैज लावते.

मग १६ सेकंद कुठून आणायचे हे शोधणं सुरू. उतारावर १६ चे १७ केले तर फक्त ११ सेकंद वाचतात आणि तिथे मुरुम आहे, गुडघे फुटायची गॅरंटी. चढावर १० चे ११ केले तर २६ सेकंद वाचतात! तेवढाच एक वाढवून दुपटीहून जास्त. पण चढावर ११ ने पळणं मला जमत नाही, दोनदा बघितलं, दुसऱ्यांदा देवळाच्या पायरीवर उलटी झाली आणि पुजारीकाकांनी मलाच झाडू दिला. शेवटी वाटणी केली, ८ सेकंद चढातून, ८ सपाटीतून, उताराला हात लावायचा नाही. म्हणजे पुलावर ४:३१, देवळाशी ९:११, फाटकात १२:११, आणि ग्राउंडचे दोन राउंड १:४९ मध्ये. बरोबर १४:००.

कागदावर झालं, पण पायांना कसं कळणार की २७ सेकंदांचे १०० मीटर म्हणजे नेमकं काय? ग्राउंडचा राउंड २०० चा, म्हणून ५४ सेकंदांचा राउंड पाठ करायला घेतला. पहिला आला ४७ चा, दुसरा ५१, तिसरा डायरेक्ट ६०. फ्रेश असताना ५४ इतका स्लो वाटतो की लाज वाटते. मग एक युक्ती सापडली, पहिल्या राउंडला मैत्रिणीला सायकलवर शेजारी घेतलं आणि बोलत पळाले. चार-पाच शब्दांचं वाक्य तुटक तुटक का होईना पण येत असेल तर ५४ च्या आसपास आहे, एकेक शब्दच निघत असेल तर आपण ४७-४८ वर गेलोय आणि चढावर त्याची शिक्षा होणार. दहा-बारा दिवसांत घड्याळ न बघता ५३ ते ५५ मध्ये यायला लागले. हे मला ट्रॉफीपेक्षा भारी वाटत होतं खरं तर.

आज सकाळी पाच वाजता जाग आली ती पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजाने.

मी तळहातावर पेनने तीन आकडे लिहिले होते, बाबांचं जुनं डिजिटल घड्याळ मनगटावर. शिट्टी झाली आणि सगळ्या पोरी जत्रेत सुटल्यासारख्या पळाल्या, मी जाणूनबुजून मागे, निदान पंधरा जणी पुढे. पण रस्त्यावरच पाणी साठलेलं, बुटात गेलं, आणि पुलावर घड्याळ बघितलं तर ४:४०. नऊ सेकंद उशीर! पोटात गोळा. त्यात पुलापलीकडे पायवाट एकच, एकेरी, आणि पुढे पोरींची लाइन, हे मी हिशोबात कुठे धरलंच नव्हतं. वाट सोडून गवतातून दोघी-तिघींना मागे टाकलं. चिखल असा की एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली. तळहात बघितला तर शाई पसरून नुसता निळा डाग. आकडे पाठ होतेच म्हणा. देवळाशी ९:३६. पंचवीस सेकंद मागे.

तिथे मला वाटलं संपलं सगळं आणि सोडून द्यावं. पुजारीकाका छत्री घेऊन उभे होते, मी ओरडून विचारलं पुढे किती गेल्या, ते म्हणाले, "दोनच!" दोनच? मी २५ सेकंद लेट आणि पुढे दोनच? तेव्हा डोक्यात उजेड पडला की १४:०० हा कोरड्या रस्त्याचा आकडा होता, आज चिखल सगळ्यांनाच आहे, ज्या सुरुवातीला सुसाट सुटल्या त्यांना तर जास्तच. घड्याळ बघणं बंद केलं आणि फक्त ५४ च्या राउंडला श्वास कसा असतो आणि चढावर तो किती वाढलेला असतो तेवढं धरलं. उतारावर एकदा बसलेच चिखलात, पण एक पोरगी माझ्या आधीच बसली होती.

फाटकात १२:५२ (सवय, बघितलंच). ताई पुढे पंधराएक पावलं, आणि तिची मान मागे गेली होती, खांदे वर. पहिल्या राउंडला अंतर निम्मं झालं, दुसऱ्या राउंडच्या शेवटच्या वळणावर मी बाहेरून गेले कारण आतल्या बाजूला फक्कीचा नुसता लगदा झाला होता. १४:३९. ताई १४:४३. ग्राउंडचे दोन राउंड माझे १:४७, सगळ्या रेसमध्ये ठरवल्यापेक्षा फास्ट गेले तो हा एकच भाग.

म्हणजे जिंकायला लागणाऱ्या टाइमपेक्षा ३९ सेकंद स्लो पळून मी जिंकले, याला काय म्हणायचं. सर म्हणाले म्हणूनच क्रॉसकंट्रीत वर्ल्ड रेकॉर्ड ठेवत नाहीत, प्रत्येक कोर्स वेगळा आणि प्रत्येक दिवसही. हे तीन आठवड्यांपूर्वी सांगायला काय झालं होतं!

बाबा दुपारच्या फेरीवरून आले, ट्रॉफी बघितली, आणि पहिलं विचारलं, "चौदा झाले का?" मी म्हटलं, नाही, १४:३९. ते म्हणाले, "पावसात घाटात टाइमटेबल कोण पाळतंय," आणि रेनकोट वाळत घालायला गेले.

एक मात्र केलं. सर वहीत माझा टाइम लिहीत होते तेव्हा मी पेन मागून घेतलं आणि १४:३९ च्या शेजारी "चिखल" असं लिहिलं. पुढच्या वर्षी कोणीतरी आठवीतली ही वही मधल्या सुट्टीत मागून नेणार आणि भागाकार करत बसणार.