दोन वह्या, एक उत्तर

इंदूरच्या एका अभ्यासकेंद्रात मी इग्नूच्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवतो आणि त्यांचे असाइनमेंट तपासतो. असाइनमेंटला 30 टक्के वजन, सत्रांत परीक्षेला 70, आणि दोन्हींत वेगवेगळे निदान 35 गुण हवेत. म्हणून अर्धी मुलं झेरॉक्सच्या दुकानातून तयार उत्तरं आणून उतरवतात. अशी कॉपी पकडायला अक्कल लागत नाही, कारण वीस वह्यांत एकच चूक त्याच ओळीत सापडते.

या दोन वह्यांचं तसं नव्हतं. एक सहासष्ट वर्षांच्या काकांची, दुसरी त्यांच्या नातीची. दोघांनी एकाच वर्षी प्रवेश घेतलेला, घरी अभ्यास एकाच टेबलावर. प्रश्न औद्योगिक रुग्णतेचा होता. जुनी यंत्रं, पॉवरलूमची स्पर्धा, इथली हुकुमचंद कापड मिल 1991 साली बंद पडली, इथपर्यंत सगळं पुस्तकी. पुढे काकांनी लिहिलं होतं की मिल आजारी पडल्याचं मजुराला पगार थकण्याच्या आधी कळतं. स्टोअरमध्ये सुटे भाग मिळेनासे होतात, मग बंद सांच्याचा, म्हणजे मागाचा, धोटा काढून चालू सांच्याला लावतात. असे उघडे पडलेले सांचे वाढू लागले की समजायचं. मी तिथे लाल पेनने दोन रेघा ओढल्या. पुस्तक लिहिणाऱ्यांना हे माहीत नसावं.

नातीच्या वहीतही तेच. शिवाय शेवटी, ‘मी बदली कामगार म्हणून रोज पाळीच्या वेळी गेटवर उभा राहायचो, कुणी गैरहजर असलं तरच आत घेत.’ मुलगी एकोणीस वर्षांची!

रविवारी दोघांना थांबवलं. मुलगी मान खाली घालून बसली. काका म्हणाले, “सर, तिने चोरलं नाही. मी बोलत गेलो, तिने लिहून घेतलं. नंतर मी तिच्याच वहीवरून माझं फेअर केलं.”

म्हणजे पहिली प्रत नातीची होती. मला उलट वाटलं होतं.

काकांना मी 78 दिले, नातीची वही गुण न देता परत केली. काका चिडले.
“मग माझीही परत द्या.”
“काका, अनुभव तुमचा आहे.”
“आणि मेहनत? बोलणं सोपं असतं, सर. माझ्या बडबडीचे मुद्दे तिनेच पाडलेत.”

हे खरं होतं. त्यांची आधीची वही मी पाहिली आहे. चार पानं, एकही परिच्छेद नाही.

पुढच्या सत्राच्या पुस्तिकेत प्रश्न बदलले, मिलचा प्रश्न गेला. नातीला आता राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या पद्धती लिहायच्या आहेत. परवा काकांनी जिन्यातच गाठलं.
“सर, मी तिला समजावून सांगितलं तर चालेल?”
“चालेल की.”
“आणि मी सांगितलं तसंच तिने लिहिलं तर?”

मी वर्गाला उशीर होतोय म्हणालो.