सहा कलांचा फरक

त्या बाई खुर्चीत टेकायच्या आतच दोन पत्रिका पुढ्यात ठेवत म्हणाल्या, "यातली खरी कुठली तेवढं सांगा."

वय ३४. नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करायचं होतं. पहिल्या ज्योतिषांनी सांगितलं होतं, योगिनीची उल्का चालू आहे, शनीची दशा, दोन वर्षं हलू नका, मग सिद्धा लागेल. दुसऱ्यांनी सांगितलं, धान्या चालू आहे, गुरूची दशा, जे करायचं ते याच दोन वर्षांत उरका, पुढे भ्रामरी आहे. दोघांनाही जन्मवेळ एकच दिलेली.

गणितात कुणीतरी चुकलं असणार, असं मला आधी वाटलं. कुणीच चुकलं नव्हतं. एका पत्रिकेत चंद्र मीनेत २९ अंश ५७ कला, दुसरीत मेषेत ० अंश ३ कला. फरक सहा कलांचा. एकाने लाहिरी अयनांश घेतला होता, दुसऱ्याने कृष्णमूर्ती. या दोन अयनांशांत साधारण एवढंच अंतर असतं. पण त्या सहा कलांच्या मधोमध रेवती संपून अश्विनी सुरू होत होती.

मी आधी विंशोत्तरी मांडली. पहिल्या पत्रिकेत जन्माच्या वेळी बुधाचे जेमतेम २३ दिवस भोग्य, मग केतू. दुसरीत केतूच सुरू, त्याचे ९-१० दिवस भुक्त. पुढे शुक्राची २० वर्षं, रवीची ६. म्हणजे आज दोन्हीकडे चंद्राचीच महादशा, फक्त सुरुवात महिनाभर मागेपुढे. नक्षत्र बदललं, रास बदलली, तरी दशेला फारसा धक्का नाही.

योगिनीचं तसं होत नाही, आणि याचं कारण मांडणीतच आहे. विंशोत्तरीत नऊ ग्रह, प्रत्येकाला तीन नक्षत्रं, सत्तावीसचा हिशेब पुरता जुळतो. रेवतीचा बुध संपला की अश्विनीचा केतू, साखळी कुठे तुटत नाही. योगिनी आठ. मंगलेचं १ वर्ष, पिंगलेची २, धान्येची ३, असं चढत संकटेची ८, बेरीज ३६. जन्मनक्षत्राचा अश्विनीपासूनचा क्रमांक घ्यायचा, ३ मिळवायचे, ८ ने भागायचं. बाकी उरेल ती योगिनी, शून्य उरलं तर संकटा. पण सत्तावीसला आठाने पूर्ण भाग जात नाही. रेवती २७, अधिक ३ म्हणजे ३०, बाकी ६, म्हणून उल्का. तिच्यानंतर सिद्धा यायला हवी. पण अश्विनीला मोजणी पुन्हा पहिल्यापासून: १ अधिक ३, बाकी ४, भ्रामरी. हा सांधा सोडला तर बाकी कुठल्याही नक्षत्राच्या सीमेवर योगिनीही विंशोत्तरीसारखीच सुरळीत सरकते.

बाईंची पत्रिका नेमकी त्या सांध्यावर. रेवती धरली तर उल्केचे आठेक दिवस आणि लगेच सिद्धा. अश्विनी धरली तर भ्रामरीची चार, भद्रिकेची पाच, उल्केची सहा वर्षं जायची आणि मग सिद्धा. सगळा क्रम पंधरा वर्षांनी सरकला!

अशा वेळी मागच्या घटना लावून बघायची रीत आहे. दशांची नावं न सांगता मी त्यांना आयुष्यातली सर्वांत कठीण दोन वळणं विचारली. नवव्या वर्षी वडील गेले, आणि सव्विसाव्या वर्षी नोकरी गेली, वर्षभर घरी बसावं लागलं.

मी कागदावर दोन्ही क्रम लिहून ठेवले होते. रेवतीच्या हिशेबात ७ ते १५ संकटा. अश्विनीच्या हिशेबात २२ ते ३० संकटा. नऊही बसलं, सव्वीसही बसलं. आठ-आठ वर्षांच्या जाळ्यात काही ना काही सापडतंच, हे एरवी आपण जातकासमोर बोलत नाही. विंशोत्तरीचं १२० वर्षांचं चक्र कुणाचं पुरं होत नाही. योगिनीचं छत्तिसाव्या वर्षी पुरं होऊन पुन्हा तेच सुरू होतं, म्हणून पडताळ्याला ती सोयीची, असं मीच शिकाऊ मुलांना सांगत आलोय. इथे बाईंची पहिली फेरीच अजून संपायची होती.

"मग उल्का की धान्या?" त्यांनी विचारलं.

जन्मवेळ अगदी बिनचूक असली तरी प्रश्न सुटत नाही, कारण इथे घोळ वेळेचा नाही, अयनांश कुठला मानायचा याचा आहे, असं मी सांगितलं. "तुमच्या पत्रिकेला मी योगिनी लावणार नाही. चंद्राची महादशा दोन्हीकडे आहे, तिच्यावरून जेवढं बोलता येतं तेवढंच बोलतो."

त्या जरा नाराज झाल्या. दोन ठाम उत्तरं घेऊन आल्या होत्या आणि माझ्याकडे अर्धंच मिळालं. चंद्राबद्दल बोललो, तासभर बसल्या. उठताना दोन्ही पत्रिका उचलल्या, पुन्हा एकदा एकावर एक धरून पाहिल्या, आणि पिशवीत टाकताना म्हणाल्या, "दोन वर्षांनी बदल होणार, एवढं तरी दोघांचं जुळत होतं."

ते खरं होतं. दोन्ही क्रमांत छत्तिसाव्या वर्षी दशा बदलते. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.