डेडलॉकचं युनिट आणि दीड तासाचा ग्रुप स्टडी

ओएसच्या म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या डेडलॉक युनिटची, म्हणजे प्रोसेस एकमेकींच्या रिसोर्सची वाट बघत अडकून पडतात त्या भागाची, पीपीटी 52 स्लाइड्सची, आम्ही चौघं, आणि लायब्ररीची रूम दीडच तास मिळणार. मैत्रिणीचं म्हणणं होतं की सरळ भागाकार करू, स्लाइडला पावणेदोन मिनिटं. पण तसं केलं तर रिसोर्स देणं सेफ आहे का ते तपासणाऱ्या बँकर्स अल्गोरिदमच्या 6 स्लाइड्सना जेमतेम 10 मिनिटं मिळतात, ज्यात प्रत्येक प्रोसेसला अजून किती लागेल याची नीड मॅट्रिक्स लिहून झाली तरी खूप, आणि प्रिव्हेन्शनच्या 11 स्लाइड्सना 19 मिनिटं, जिथे नुसतं वाचायचंय!

मग मी पीपीटी स्लाइड सॉर्टरमध्ये उघडली, सगळ्या स्लाइड्स एकदम दिसतात म्हणून, आणि कागदावर नंबर मांडून प्रत्येक गठ्ठ्यापुढे लिहीत गेले, घरी वाच, समजावून सांग किंवा सोडव. प्रिव्हेन्शन अख्खं घरी गेलं. उरलं त्यातून असं ठरलं: पहिली 10 मिनिटं पीपीटी बंद ठेवून डेडलॉकच्या चार कंडिशन्स आठवून लिहायच्या, मग 15 मिनिटं रिसोर्स अलोकेशन ग्राफ, 30 मिनिटं बँकर्स, 5 ब्रेक, 15 रिसोर्स रिक्वेस्ट, 15 डिटेक्शन.

बँकर्सला अर्धा तास का, तर त्यातली पहिली 15 मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून एकट्याने सोडवायचं होतं. गणित नेहमीचंच, पाच प्रोसेस, ए, बी, सी हे रिसोर्स एकूण 10, 5, 7 आणि त्यातले अव्हेलेबल 3, 3, 2. प्रोसेस संपवायचा क्रम म्हणजे सीक्वेन्स, तो दोघांचा P1 P3 P4 P0 P2 आला, माझा P1 P3 P4 P2 P0, चौथ्याचं शेवटचं अव्हेलेबलच जुळेना. "अरे पण बरोबर कुणाचं?" दोन्ही बरोबर, सेफ सीक्वेन्स एकापेक्षा जास्त असू शकतात, पण हे पटायलाच पाच मिनिटं गेली. तपासायची सोपी खूण म्हणजे शेवटी अव्हेलेबल परत 10, 5, 7 यायला हवं. चौथ्याचं येईना कारण प्रोसेस संपल्यावर तो तिच्या हातात असलेल्या अलोकेशनऐवजी तिची जास्तीत जास्त मागणी म्हणजे मॅक्स मिळवत होता, आणि स्लाइडवर उत्तर तयार असल्यामुळे नुसतं वाचून हे कधीच दिसलं नसतं.

ब्रेक मुद्दाम इथे ठेवला, कारण पुढची रिक्वेस्ट याच टेबलवर चालते आणि टेबल चुकलं तर पुढचं सगळंच चुकतं. P1 ने 1, 0, 2 मागितलं तर चालतं, अव्हेलेबल 2, 3, 0 उरतं आणि तरीही सेफ. त्यानंतर P0 ने 0, 2, 0 मागितलं तर रिसोर्स समोर असूनही द्यायचे नाहीत, कारण दिल्यावर 2, 1, 0 उरतं आणि त्यात कुणाचीच नीड भागत नाही. व्हायव्हात हमखास विचारतात ते हेच, म्हणून हा ब्लॉक मी शेवटपर्यंत कापू दिला नाही.

ग्राफ मात्र 9 मिनिटांत उरकला. सायकल असली आणि प्रत्येक रिसोर्सचा एकच इन्स्टन्स असला तर डेडलॉक नक्की, जास्त असले तर फक्त शक्यता, एवढंच होतं. वाचलेली 6 मिनिटं डिटेक्शनने खाल्ली.