नखानं खरवडून पाहिलंत का?

"झाडाच्या देठांवर तपकिरी फोड आलेत, पानं काळी पडतायत. हा कुठला रोग? की झाडानं बिया धरल्यात?"

दोन्ही नाही. बहुतेक वेळा ती खवले कीड असते. तो फोड म्हणजे एक अख्खा किडा, देठात सोंड खुपसून एका जागी बसलेला. पाय दिसत नाहीत, हालचाल नाही, म्हणून किडा आहे असं मनातच येत नाही.

माझ्याही आलं नव्हतं. घरातल्या शेफलेराची पानं आधी चिकट झाली, मग त्यांच्यावर काजळी धरल्यासारखा काळा थर आला. काळं दिसलं की बुरशी, हे डोक्यात पक्कं, म्हणून महिनाभर बुरशीनाशक फवारत राहिले. बुरशी होतीच, पण ती झाडाच्या आत शिरलेली नव्हती. खवले झाडाचा रस पितात आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपानं बाहेर टाकतात. काळी बुरशी त्या साखरेवर वाढते. ओल्या फडक्यानं पुसली की निघते, आणि वर खवले जिवंत असेतो पुन्हा येते. कुंडीखालची फरशी का चिकटतेय आणि मुंग्या रोज देठावरून वर कशाला जातायत, याचंही उत्तर तेच.

शेवटी एक फोड नखानं उचकटला तेव्हा उलगडा झाला. तीनेक मिलिमीटरचा, गुळगुळीत, चकचकीत तपकिरी घुमट टपकन निघून आला. देठाची साल शाबूत होती. घुमट उलटा करून भिंगाखाली धरला, तर आत फिकट गुलाबीसर पूड भरलेली. ती पूड म्हणजे अंडी, एका मादीखाली शेकड्यांनी. शेजारच्या लहान खवल्यांच्या पाठीवर बारीक उंचवट्यांचा इंग्रजी 'एच' दिसत होता. अर्धगोल खवल्याची ही ओळख. मादी पूर्ण वाढली की तो पुसट होतो.

म्हणून मी सगळ्यांना आधी नख लावायला सांगते. फोड सालीचाच असेल तर तो निघत नाही. जोर केलात तर साल सोलवटते. खोडावरची श्वासरंध्रं अशीच उंचवट्यासारखी दिसतात, त्यांना हात लावू नका. नेच्याच्या पानांमागे नक्षी काढल्यासारखे ओळीत बसलेले तपकिरी ठिपकेही कीड नव्हे, ती त्याची बीजाणूंची पुंजकी. घाबरून चांगली पानं छाटणारे मी पाहिलेत. खवल्यांना अशी शिस्त नसते. ते देठाच्या बगलेत नाहीतर पानाच्या मधल्या शिरेलगत, कसेही दाटीवाटीनं बसतात.

आता उपाय. झाड आधी इतर कुंड्यांपासून दूर ठेवा. ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून एकेक खवला पुसून काढा. बगलेत कापूस पोचत नाही, तिथे जुना मऊ टूथब्रश चालतो. अल्कोहोल आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट पाहा, काही झाडांना ते सोसत नाही. भरपूर किडलेली फांदी मात्र सरळ कापून टाका, पुसत बसण्यात अर्थ नाही.

मी एवढं केलं आणि झाड स्वच्छ झालं म्हणून थांबले. काही आठवड्यांत देठ पुन्हा भरले. मोठ्या खवल्याची पाठ टणक असते, तिच्यावर फवारा फारसा चालत नाही आणि खालची अंडी तर झाकलेलीच असतात. नेम धरायचा तो अंड्यातून निघालेल्या पिल्लांवर. त्यांना पाय असतात, आकार मिलिमीटरपेक्षा कमी, आणि चांगली जागा सापडेपर्यंत ती थोडा काळ रांगत फिरतात. तेवढ्यात साबणाचं पाणी किंवा बागेसाठीचं फवारणीचं तेल अंगावर पडलं की मरतात. पण सगळी अंडी एकदम फुटत नाहीत, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासायचं आणि फवारायचं. हे मी दोन महिने केलं. पिल्लं फिरतायत का ते कळायला देठाभोवती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचं एक वेढणं दिलं होतं. टेपवर फिकट ठिपके अडकलेले दिसले की फवारणी चालू ठेवायची.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मेलेला खवला गळून पडतोच असं नाही, कवच कित्येक महिने चिकटून राहतं. मी ती रिकामी कवचं बघून फवारतच होते. जिवंत आहे का ते चिरडून पाहा. ओलसर लागलं तर जिवंत. कोरडा भुगा झाला तर मेलेला; फक्त आत अंडी उरलेली नाहीत ना, एवढं भिंगातून बघून घ्या.